पहिल्या दिवसाची चित्रफीत

पलूसच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग तासून देणारा एक लहानसा कारखाना आहे. माणसे बावीस, लेथ सात आणि ड्रिल मशीन तीन. बिडाचे ओतीव भाग बाहेरून येतात, येथे ते लेथवर मापात आणले जातात, ड्रिलवर त्यांना भोके पाडली जातात आणि टेम्पो ते घेऊन जातो. नवा कामगार आला की फोरमन त्याला तासभर बरोबर घेऊन फिरतात आणि काय करावे, काय करू नये हे सांगतात. मशीनच्या आवाजात त्यातले निम्मे ऐकू येत नाही. उरलेल्या निम्म्यातले किती ध्यानात राहते, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. हा तास चित्रफितीत बांधून द्यावा, असे मालकांच्या मनात आले आणि ओळखीतून ते काम आम्हा तिघा विद्यार्थ्यांकडे आले. आमच्यापैकी एकालाही लेथ माहीत नव्हता. एक मराठीचा, एक भूगोलाचा आणि प्रस्तुत लेखक मानसशास्त्राचा. साहित्य म्हणजे एक मोबाइल, एक तिकाटणे आणि घरचा संगणक.

हे काम करताना जे कळले त्यातील मुख्य गोष्ट आधी सांगतो. अशा चित्रफितीत तीन साधने हाताशी असतात. एक कॅमेऱ्याने टिपलेले खरे दृश्य, दुसरे पडद्यावरची अक्षरे आणि तिसरे हलती चित्रे, म्हणजे ॲनिमेशन. आरंभी आम्हाला वाटले, की खरे दृश्य हे जेवण आणि बाकीची दोन म्हणजे कोशिंबीर-लोणचे. प्रत्यक्षात तिघांची कामे वेगळी निघाली. एकाचे काम दुसऱ्याकडे सोपवले, की नेमके तेथेच बघणारा चुकतो. खऱ्या दृश्याने जागा आणि हात दाखवावेत. अक्षरांनी नाव, आकडा आणि क्रम सांगावा. आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही, किंवा दिसेपर्यंत थांबणे पाप ठरेल, ते चित्राने दाखवावे.

शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हाला ड्रिलपाशी कळला. ड्रिल मशीनवर हातमोजे घालून काम करायचे नाही, हा तेथला पहिला नियम. ऐकणाऱ्याला तो उलटा वाटतो. मोजे हे हाताच्या रक्षणासाठी ना? मग ते काढायचे कशाला? कारण असे, की फिरत्या ड्रिलला बोट नुसते घासले तर जखम होते, परंतु माणूस हात मागे घेऊ शकतो. मोज्याचा धागा अडकला, तर ड्रिल कापड स्वतःभोवती गुंडाळू लागते आणि कापडाबरोबर हात ओढला जातो.

हे किती वेगाने घडते, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. १२ मिलिमीटर जाडीचे ड्रिल मिनिटाला ६०० फेरे घेत आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला १० फेरे. ड्रिलचा घेर सुमारे ३८ मिलिमीटर. एका फेऱ्यात तेवढे कापड गुंडाळले जाते. काहीतरी झाले हे जाणवून माणसाचा हात हलू लागायला, तो अगदी सावध असला तरी, सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तेवढ्यात ड्रिलचे दोन फेरे झालेले असतात आणि साडेसात सेंटिमीटर कापड आत गेलेले असते, म्हणजे बोटाच्या लांबीएवढे. बटणापर्यंत हात जायला एक सेकंद लागला, तर हिशेब ३८ सेंटिमीटरवर जातो. शिवाय एका थरावर दुसरा थर चढत असल्याने घेर वाढत जातो, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच.

आता हे दाखवायचे कसे? खरा अपघात चित्रित करणे शक्य नाही, आणि इच्छाही नाही. रिकामा मोजा काठीला बांधून ड्रिलपाशी न्यावा, अशी एक कल्पना आमच्यात निघाली. फोरमननी ती जागच्या जागी मोडून काढली आणि ते बरोबरच होते. धोका न पत्करता जरी ते चित्रित करता आले असते, तरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पडद्यावर एक झटका दिसला असता, बाकी काही नाही. त्या दोन फेऱ्यांच्या आत काय होते, हेच तर दाखवायचे होते.

म्हणून कागद कापले. टेबलावर पांढरा पुठ्ठा पसरला आणि वरून मोबाइल रोखला. ड्रिल वरून पाहिले तर वर्तुळ दिसते. ते चारपट मोठे करून ४८ मिलिमीटर व्यासाची करडी चकती कापली, तिच्या मध्यभागी टाचणी खोचली आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने कडेवर दर ३० अंशांना खूण केली. हात निळ्या कागदाचा. मोजा लाल कागदाचा आणि त्याच्या टोकाला लाल कागदाची लांब पट्टी. एक खूण फिरवायची, पट्टी तेवढी गुंडाळायची, हात तेवढा ओढायचा, छायाचित्र घ्यायचे. पुन्हा एक खूण. बारा छायाचित्रांत एक फेरा पुरा होतो. सेकंदाला बारा छायाचित्रे दाखवली, की पडद्यावर एका फेऱ्याला एक सेकंद लागतो, म्हणजे खऱ्यापेक्षा दहापट हळू. हात जवळ येतो त्याची बारा छायाचित्रे, दोन फेऱ्यांची चोवीस, आणि अखेर सारे थांबते त्याचे एकच, ते सेकंदभर तसेच धरून ठेवलेले. एकूण सदतीस छायाचित्रांत चार सेकंदांचा प्रसंग तयार झाला.

पहिल्या खेपेस तो वाया गेला. खिडकीतून येणारा उजेड ढगांबरोबर कमीजास्त होत होता आणि मोबाइल आपल्या अकलेने प्रत्येक छायाचित्राचा उजेड जुळवून घेत होता. ओळीने पाहिले तेव्हा सारे चित्र काजव्यासारखे लुकलुकत होते. दुसऱ्या खेपेस खिडकी लावली, एकच बल्ब ठेवला, मोबाइलमधील उजेड आणि फोकस कुलूपबंद केले आणि पंखा बंद केला, कारण कागद उडतो. घामाघूम झालो, पण साधले.

दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती आणि पुढे आगकाड्या हलवून एक चित्रपटही केला होता. त्यांनी महिनाभराची वाढ मिनिटाभरात आणली. आम्ही सेकंदाचा पाचवा हिस्सा ओढून दोन सेकंदांचा केला. कृती तीच, दिशा उलटी. त्या प्रसंगावर अक्षरे घातली, ‘वेळ दहापट हळू केली आहे’, आणि त्यानंतर तोच प्रसंग खऱ्या वेगाने पुन्हा दाखवला. तो डोळ्याला दिसतही नाही. नुसता हात होता आणि गेला, एवढेच. पुढे चित्रफीत पाहणारे बहुतेक जण याच ठिकाणी खुर्चीत सावरून बसले.

आता खऱ्या दृश्याकडे येतो. खरे दृश्य खरेच असते, या समजाला लेथने धक्का दिला. लेथच्या तोंडाशी चक असतो. त्याला तीन जबडे असतात आणि ते कामाचा तुकडा पकडून फिरवतात. आम्ही दाराजवळचा लेथ निवडला, कारण तेथे ऊन येत होते. घरी येऊन पाहिले तर चक उभाच! मागे आवाज चालू आहे, कामगार हत्यार पुढे सरकवतो आहे, कापलेला बुरादा पडतो आहे आणि चकाचे तीन जबडे मात्र जागच्या जागी, जणू मशीन बंद आहे. जी चित्रफीत ‘फिरत्या चकाला हात लावू नका’ असे शिकवणार, तिच्यातला फिरता चक थांबलेला दिसावा, याहून वाईट ते काय?

गौडबंगाल असे होते. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत होता. चक मिनिटाला ५०० फेरे घेत होता, म्हणजे सेकंदाला सव्वाआठच्या किंचित वर. दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो बरोबर एकतृतीयांश फेरा फिरत होता. जबडे तीन आणि तिन्ही सारखे. पहिल्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा, आणि डोळ्याला काही हललेलेच नाही. जुन्या चित्रपटांत टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. तरीही जबडे धूसर दिसले असते तर फिरण्याचा भास राहिला असता. पण भर उन्हात मोबाइलने प्रत्येक चित्राला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढाच उजेड घेतला, म्हणून प्रत्येक जबडा कोरल्यासारखा स्वच्छ उमटला.

उपाय असा, की प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्याचे दार किती वेळ उघडे राहावे, हे स्वतः ठरवून सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शावर बांधून ठेवायचे. तेवढ्या वेळात चक साठ अंश फिरतो, जबडे पुसट होतात आणि तो फिरतो आहे हे दिसते. याचा दुसरा फायदा दिव्यांना होतो. आपली वीज पन्नास आवर्तनांची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्याचे दार पन्नासाव्या हिश्शाएवढे उघडे राहिले, तर त्यात बरोबर दोन लाटा मावतात आणि चित्रावरून सरकणारे काळे पट्टे येत नाहीत. तोटा एकच. उन्हात चित्र पांढरेफटक होते. मोबाइलच्या भिंगाला दार लहानमोठे करण्याची सोय सहसा नसते, म्हणून ऊन टाळावे लागते. आम्ही तो लेथ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहानंतर पुन्हा टिपला. त्यातही एक करावे. जेथे चक फिरताना दाखवायचा, तेथे टिपल्यावर लगेच मशीनपाशीच पाहून घ्यावे आणि थांबलेला वाटला तर फेरे बदलून पुन्हा टिपावे.

दुसरी चूक याहून साधी होती आणि म्हणूनच उशिरा लक्षात आली. काम करणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून आम्ही मशीनच्या पलीकडून, त्याच्या समोरून चित्रण केले होते. पहिली जुळणी तयार झाल्यावर ती एका नव्याने आलेल्या मुलाला दाखवली आणि त्याला लेथपाशी उभे करून विचारले, ‘बंद करायचं लाल बटण कुठे आहे?’ त्याचा हात झटकन उठला, पण उलट्या बाजूला. पडद्यावर बटण उजवीकडे दिसत होते, उभ्या कामगाराला ते डावीकडे होते. आरशासमोर भांग पाडणे शिकवावे, तसे झाले. त्यानंतर हाताने करायची प्रत्येक गोष्ट आम्ही कामगाराच्या उजव्या खांद्यावरून पाहावी तशी टिपली. चेहरे गेले, पण डावे ते डावे राहिले. एका कामगाराने मात्र तक्रार केली, ‘माझं तोंडच न्हाई की हो त्यात.’ त्याच्यासाठी शेवटी सर्वांचे एक दृश्य ठेवले. प्रत्येकाला आधी विचारून, आणि भिंतीवर लावलेले गिऱ्हाइकांचे नकाशे झाकून.

अक्षरांचे काम मराठीच्या विद्यार्थ्याकडे होते आणि त्याचा अभिमान फोरमननी पहिल्या पाच मिनिटांत उतरवला. पोलादी शाफ्ट कापताना धातूच्या लांब कुरळ्या पट्ट्या निघतात. त्या पात्यासारख्या धारदार असतात, हाताने ओढायच्या नाहीत, आकड्याने काढायच्या. आमच्या मित्राने लिहिले होते, ‘कर्तनजन्य धातुकण हस्तस्पर्शाने दूर करू नयेत.’ फोरमन म्हणाले, ‘ह्यो शब्द कुठनं काढलासा? आमच्यात त्येला चिप्स म्हणत्यात.’ मग वाक्य झाले, ‘चिप्स हाताने ओढू नका. आकडा वापरा.’ त्याचप्रमाणे चक घट्ट करण्याच्या किल्लीला कारखान्यात चक-की म्हणतात. ती चकात विसरून मशीन चालू केले, तर गोफणीच्या दगडासारखी सुटते. तिथे ‘किल्ली’ लिहिले असते, तर नव्या माणसाने भलतीच वस्तू शोधली असती, कारण पान्ह्यालाही काही जण किल्लीच म्हणतात.

पलूसच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे १९१०मध्ये कारखाना वसवला आणि १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे मुखपत्र म्हणून निघालेले हे पत्र पुढे महाराष्ट्रभर वाचले गेले. शंकरराव स्वतः चित्रकार होते. कारखान्याने मराठीतून आणि चित्रांतून बोलावे, ही गोष्ट या परिसरात काही आजची नाही. फरक इतकाच, की ‘खबर’च्या वाचकाला पान उलटून परत मागे जाता येत होते. पडद्यावरचे अक्षर जाते ते जातेच.

म्हणून किती वेळ अक्षर ठेवावे, याची आम्ही एक घरगुती कसोटी ठरवली. ते वाक्य सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचून होईपर्यंत ते पडद्यावर राहिले पाहिजे. ‘चिप्स हाताने ओढू नका. आकडा वापरा.’ याला सहा-सात सेकंद लागतात. मग लक्षात येते, की लांब वाक्य परवडतच नाही. कारखान्यात बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही आहेत, म्हणून आधी मराठी वर आणि हिंदी खाली असे लिहिले. चार ओळींखाली हात झाकला गेला! अखेर मराठीची एक आणि हिंदीची एक अशा दोन वेगळ्या चित्रफिती केल्या. ज्यांना वाचायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी निवेदन होतेच. ते कारखान्यात ध्वनिमुद्रित करण्याचा नाद आम्ही लवकर सोडला आणि घरी, गाद्यांच्या खोलीत, डोक्यावर रजई घेऊन केले. वाक्यावाक्याची फीत वेगळी ठेवली.

एक तांत्रिक सूचना येथेच करून ठेवतो. चित्रफीत जुळवण्याच्या काही प्रणालींना देवनागरी नीट जोडता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार तुटतो, जोडाक्षराचा पाय मोडून वेगळा पडतो. आधी ‘किल्ली’, ‘कर्मचारी’ आणि ‘विद्युत’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. तिन्ही बरोबर उमटले तरच पुढे जावे. नाहीतर वाक्य दुसरीकडे लिहून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र चिकटवावे.

दुसरी जुळणी सव्वापाच मिनिटांची झाली. तिच्यातून मालकांचे आरंभीचे मनोगत काढावे लागले, कारण त्या सव्वा मिनिटात नवी मुले आपापल्या मोबाइलकडे वळत. मालकांनी ते हसून मान्य केले, हे त्यांचे मोठेपण. आम्ही ती आणखी चार नव्या माणसांना दाखवली. ‘समजलं का?’ असे विचारायचे नाही, असे ठरवले होते, कारण या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते. त्याऐवजी मशीनपाशी नेऊन ‘करून दाखव’ म्हणायचे. बटण चौघांनी बरोबर दाखवले. चक-की चौघांनी काढून जागेवर ठेवली. ड्रिलपाशी गेल्यावर चौघांनी मोजे काढले. आम्ही एकमेकांकडे पाहून खूश झालो.

पुढच्या अर्ध्या तासात टेम्पो आला आणि त्यातल्या दोघांनी ओतीव भाग उघड्या हातांनी उतरवायला घेतले. ओतकामाच्या कडा करवतीसारख्या असतात, तिथे मोजे हवेतच. विचारले तर एक जण म्हणाला, ‘तुमीच दाखिवलं न्हवं, मोजं घातलं की हात जातोय?’ आमची लाल पट्टी त्याच्या मनात अगदी नीट गुंडाळली गेली होती, जरूरीपेक्षा थोडी अधिकच. हलत्या चित्राने वस्तू ठसवली होती, जागा ठसवली नव्हती. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ना ड्रिल मशीन होते, ना कारखाना. नुसता मोजा आणि नुसता हात.

यावर आणखी ॲनिमेशन करून भागले नसते. चित्राच्या आधी आणि नंतर खरी जागा जोडावी लागली. आता प्रसंग असा सुरू होतो. कामगार मोजे घालून टेम्पोतून माल उतरवतो, अक्षरे येतात, ‘माल उचलताना मोजे घाला.’ तोच माणूस, कॅमेरा न थांबवता, चालत ड्रिलपाशी येतो, मोजे काढून खुंटीला अडकवतो, अक्षरे येतात, ‘फिरत्या मशीनवर मोजे काढा.’ मग कागदी चित्र. मग पुन्हा खरे ड्रिल आणि त्यावर उघडा हात. चालत येण्याची ती नऊ सेकंदे आधी आम्हाला फुकट वाटली होती, कारण तिच्यात काही घडत नाही. त्यानंतर आलेल्या तिघांपैकी तिघांनी मोजे घालून माल उतरवला आणि खुंटीपाशी काढले.

मध्यंतरी ड्रिल मशीन खिडकीकडून भिंतीकडे हलवले गेले, तेव्हा खुंटीही हलली. वाक्यावाक्याचा आवाज वेगळा ठेवलेला असल्यामुळे फक्त ती नऊ आणि पुढची सहा सेकंदे नव्याने टिपून बसवली. अर्धी दुपार लागली. कागदी हात, चकती आणि लाल पट्टी एका बुटाच्या खोक्यात घालून फोरमनच्या कपाटावर ठेवली आहेत.